आरटीतून ३५० मिली परत आलं, तर फीड थांबवायचं का?

प्रश्न: मॅडम, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला आरटीतून, म्हणजे नाकातून जठरात जाणाऱ्या नळीतून, फीड चालू केलं की सहा तासांनी ३०० ते ३५० मिली परत येतं. रात्री सिस्टर फीड बंद करतात, सकाळी राउंडला आम्ही चालू करतो, रात्री परत बंद. ट्रॉफिक फीडवर, म्हणजे अगदी थोड्या फीडवर, किती दिवस ठेवता येतं? मेटोक्लोप्रामाइड, एरिथ्रोमायसिन कधी सुरू करायचं? आणि जठराच्या पुढे आतड्यात जाणारी एनजे ट्यूब टाकायची वेळ आली हे कसं ओळखायचं? (गोव्यातल्या एका खाजगी रुग्णालयातील कनिष्ठ डॉक्टर)

उत्तर:

फक्त ३५० मिली आलं म्हणून फीड बंद करू नका. आधी त्या आकड्यात काय काय आहे ते पाहू.

प्रौढ माणसाला दिवसाला एक ते दीड लिटर लाळ सुटते आणि दीड ते दोन लिटर जठररस. व्हेंटिलेटरवर लाळेचा बराच भाग तोंडातल्या सक्शनमध्ये जातो आणि आजारात जठररसही कमी-जास्त होतो. म्हणून ढोबळमानाने दिवसाला दोन लिटर जठरात पडतात असं धरू, म्हणजे सहा तासांत ५०० मिली. तुमचं फीड तासाला ४० मिली चालू असेल तर त्याचे सहा तासांत २४०. एकूण ७४० मिली जठरात आलं आणि सिरिंजमध्ये ३५० मिळालं. उरलेलं ३९० मिली जठराचं खालचं तोंड, म्हणजे पायलोरस, ओलांडून पुढे गेलं आहे. हे जठर मंद आहे, बंद नाही. फीड बंद केलं तरी लाळ आणि जठररस थांबत नाहीत. म्हणून फीड बंद असतानाही सकाळी २०० मिली निघतं आणि ‘बघा, अजूनही राहतंय’ असं म्हणून फीड आणखी लांबतं.

युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना आज ५०० मिलीच्या आसपासची मर्यादा धरतात. त्याखालच्या आकड्यासाठी, दुसरं कोणतंही लक्षण नसताना, फीड थांबवू नये असं त्या सांगतात. फ्रान्समध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूट्रिरिया-१ या चाचणीत एका गटात नळीतून परत येणारं रेसिड्यूअल मोजलंच नाही, फक्त उलटीवर लक्ष ठेवलं, तरीही त्या गटात व्हेंटिलेटर न्यूमोनिया वाढला नाही. पण त्यात पोटाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण नव्हते, हे लक्षात ठेवा. मी स्वतः मोजणं पूर्ण सोडलेलं नाही. फीड वाढवण्याच्या पहिल्या काही दिवसांत दर सहा तासांनी मोजून घेते, एकदा फीड स्थिरावलं की मोजणं थांबवते. मोजताना १२ ते १४ फ्रेंचची आरटी आणि मोठी सिरिंज हवी. बारीक, मऊ नळी ओढताना आतून चिकटते आणि जठर भरलेलं असतानाही २० मिली दाखवते.

आकड्यापेक्षा पोट महत्त्वाचं. फीड खरोखर शून्य करायचं ते अशा वेळी: पोट ताणलं आहे आणि दाबल्यावर रुग्ण तोंड वेडंवाकडं करतो, रक्तदाब टिकवणारं नॉरॲड वाढत चाललं आहे, लॅक्टेट चढत आहे, किंवा नळीतून शेणासारख्या वासाचं अथवा रक्ताळलेलं काही येत आहे. तिथे प्रश्न जठराच्या मंदपणाचा नसून आतड्याच्या रक्तपुरवठ्याचा किंवा अडथळ्याचा असू शकतो. अशा पोटात जठराला चालना देणारं प्रोकायनेटिक औषध देणं धोक्याचं आहे, आणि एनजेतून आतड्यात फीड ढकलणं त्याहून धोक्याचं. २०१८ च्या न्यूट्रिरिया-२ चाचणीत शॉकमधल्या, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना पहिल्या दिवसापासून नळीने पूर्ण कॅलरी दिल्यावर आतड्याच्या इस्केमियाचं प्रमाण शिरेतून पोषण घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. म्हणून पुढचं सगळं वाचताना एक अट गृहीत धरा: रक्ताभिसरण सावरलेलं आहे किंवा सावरत आहे आणि पोट मऊ आहे.

आता एक रुग्ण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, उपचारांचा क्रम खरा आहे.

पेडणे तालुक्यातले ५८ वर्षांचे गृहस्थ, वजन ६० किलो, बारा वर्षांचा मधुमेह. ऐन जुलैत न्यूमोनिया होऊन एआरडीएसमध्ये गेले आणि व्हेंटिलेटरवर आले. पहिल्या दिवशी नॉरॲड ०.३५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, लॅक्टेट ४.२. त्या दिवशी फीड दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नॉरॲड ०.१५ वर आलं आणि उतरत होतं, लॅक्टेट २.१ झालं. तेव्हा तासाला १० मिलीने ट्रॉफिक फीड सुरू केलं. मिलीला एक कॅलरी देणारं फीड होतं, म्हणजे दिवसाला २४० कॅलरी. त्यांना झोपेसाठी प्रोपोफॉल तासाला १० मिली चालू होतं. त्यातल्या चरबीतून मिलीमागे १.१ कॅलरी मिळतात, म्हणजे आणखी सुमारे २६० कॅलरी. ही बेरीज बहुतेक चार्टवर कुणी करत नाही. ‘रुग्ण उपाशी आहे’ या भीतीने फीड वेगाने चढवण्यापूर्वी ती करून पाहा.

तिसऱ्या दिवशी फीड ४० पर्यंत नेलं. संध्याकाळी सहा तासांचं रेसिड्यूअल ३८० आलं, फीड तसंच ठेवलं. मध्यरात्री ५२० मिली, हिरवट, आणि तोंडातून थोडी उलटी. श्वासनलिकेतल्या नळीचा फुगा फुगलेला होता, सक्शनमध्ये फीड दिसलं नाही. पोट थोडं फुगलेलं पण मऊ, लॅक्टेट १.६. म्हणजे खरा अपचनाचा प्रश्न, पण धोक्याच्या खुणा नाहीत.

अशा वेळी फीड ४० वरून शून्यावर न आणता १० वर आणायचं. त्यांचंही तेच केलं, आणि डोकं ३० ते ४५ अंश वर आहे याची खात्री केली.

ट्रॉफिक फीड हे पोट भरण्यासाठी नसतं. आतड्याच्या आतलं अस्तर आपल्या पोषणाचा मोठा वाटा थेट आतून जाणाऱ्या अन्नातून घेतं. ते मिळालं नाही तर व्हिलाय खुरटतात, अस्तराची जंतूंना अडवण्याची ताकद कमी होते, आणि पचनाला चालना देणारे संप्रेरक स्रवत नाहीत. थोडं फीड चालू राहिलं तर हे सगळं बऱ्यापैकी टिकतं आणि जठरावर ओझं पडत नाही. २०१२ साली आलेल्या ईडन चाचणीत एआरडीएसच्या १००० रुग्णांपैकी निम्म्यांना सहा दिवसांपर्यंत फक्त ट्रॉफिक फीड दिलं, दिवसाला साधारण ४०० कॅलरी. बाकीच्यांना सुरुवातीपासून पूर्ण फीड, म्हणजे प्रत्यक्षात साधारण १३०० कॅलरी मिळाल्या. व्हेंटिलेटरशिवायचे दिवस सारखे, ६० दिवसांतले मृत्यू २३ आणि २२ टक्के, म्हणजे फरक नाही. उलट्या, मोठं रेसिड्यूअल आणि बद्धकोष्ठ मात्र ट्रॉफिक गटात कमी. २०२३ च्या न्यूट्रिरिया-३ मध्येही शॉकमधल्या रुग्णांना पहिला आठवडा दिवसाला किलोमागे ६ कॅलरी दिल्याने मृत्यू वाढले नाहीत, उलट्या-जुलाब कमी झाले आणि रुग्ण आयसीयूतून लवकर बाहेर पडले.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सहा दिवस असं देता येईल, पण मी ते सरसकट देत नाही. ईडनमधले बरेचसे रुग्ण चांगल्या पोसलेल्या, जाड बांध्याचे होते. आपल्या वॉर्डात दारूने खंगलेला, क्षयाने वाळलेला, घरी पंधरा दिवस तापात फक्त पेज पिऊन आलेला माणूसही येतो. त्याच्याकडे सहा दिवसांची शिल्लक नसते. त्याच्या बाबतीत मी तीन-चार दिवसांनंतर पुढचं पाऊल टाकते. कुणाच्याही बाबतीत सातव्या दिवशी गरजेच्या साठ टक्क्यांपर्यंतही पोचलो नाही, तर शिरेतून पूरक पोषणाचा विचार तिथे सुरू होतो.

फीड १० वर आणल्यावर लगेच औषध लिहायचा मोह होतो. त्याआधी चार्ट वाचा. जठर मंद करणाऱ्या बहुतेक गोष्टी आपणच चालू केलेल्या असतात. या गृहस्थांच्या चार्टवर फेंटानिल हे वेदनाशामक तासाला १०० मायक्रोग्रॅम होतं. साखर रात्रभर २६० च्या आसपास. २०० च्या वरची साखर निरोगी माणसाचंही जठर मंद करते, इथे तर बारा वर्षांचा मधुमेह, ज्यात जठराच्या नसा आधीच दुबळ्या झालेल्या असू शकतात. पोटॅशियम ३.१, मॅग्नेशियम कमी. चार दिवस शी झालेली नव्हती. आणि दाखल होताना कुणीतरी सवयीने लिहिलेलं ऑन्डान्सेट्रॉन दर आठ तासांनी चालूच होतं. ते मोठ्या आतड्याला आणखी मंद करतं आणि ईसीजीतला क्यूटी वाढवतं.

ऑन्डान्सेट्रॉन बंद केलं. इन्सुलिनचं इन्फ्यूजन लावून साखर १४० ते १८० मध्ये आणली. पोटॅशियम चारच्या वर नेलं, मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम दिलं. वेदना तपासत फेंटानिल निम्म्यावर आणलं. गुदद्वाराची तपासणी केली तर शौच अडकलेलं होतं, एनिमा दिला. ही तपासणी करायला लाजू नका. मोठं आतडं भरून फुगलेलं असेल तर जठर रिकामं होण्याचा वेगही मंदावतो, आणि एका एनिमाने जे होतं ते दोन दिवसांच्या इंजेक्शनांनी होत नाही.

याच्या जोडीला त्याच रात्री मेटोक्लोप्रामाइड १० मिग्रॅ शिरेतून, दर आठ तासांनी, तीन मिनिटांहून सावकाश. किडनी मंद असेल तर निम्मा डोस. पार्किन्सन्स, झटके येणारा रुग्ण, आतड्याचा अडथळा आणि आतड्याची ताजी जोडणी या ठिकाणी मी ते देत नाही. डोक्याला मार लागलेल्यांमध्ये त्याचा उपयोग फारसा दिसत नाही.

एरिथ्रोमायसिन हे यापेक्षा जास्त परिणामकारक आहे. युरोपीय सूचना तर त्यालाच पहिली पसंती देतात. लहान डोसमध्ये ते प्रतिजैविक म्हणून नव्हे, तर जठरातल्या मोटिलिन या संप्रेरकाच्या जागेवर बसून काम करतं आणि जठराचं जोरदार आकुंचन सुरू करतं. शिरेतून १०० ते २५० मिग्रॅ, दिवसातून तीनदा, हा सूचनांमधला डोस. मी बहुधा २०० मिग्रॅ दिवसातून दोनदा देते, १०० मिली सलाइनमध्ये तासाभरात. शिरेतून द्यायचं एरिथ्रोमायसिन प्रत्येक फार्मसीत मिळेलच असं नाही. नळीतून देता येतं, पण जे जठर पुढे ढकलत नाही त्याच्याकडूनच औषध पुढे जाण्याची अपेक्षा आपण करत असतो, म्हणून परिणाम अनिश्चित राहतो. दोन्ही औषधं एकत्र दिली तर एकट्यापेक्षा जास्त काळ चांगली चालतात, पण मग क्यूटीवरचं लक्षही दुप्पट हवं.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्षित होणारा मुद्दा. ही औषधं लवकर थकतात. मोटिलिनची जागा सतत चेतवत राहिली की ती प्रतिसाद देणं सोडते. ७२ तासांनंतर परिणाम साधारण एक तृतीयांशावर येतो. म्हणून मी ऑर्डर लिहितानाच बंद करण्याची तारीख लिहिते: तीन दिवस. ‘चालू ठेवा’ असं लिहिलेलं मेटोक्लोप्रामाइड दोन आठवडे चालतं, फीड केव्हाच सुधारलेलं असतं किंवा कधीच सुधारलेलं नसतं, आणि दरम्यान रुग्णाचा जबडा किंवा मान आखडू लागते. व्हेंटिलेटरवर झोपेत असलेल्या माणसात ती आखडलेली मान कुणाच्या लक्षातही येत नाही.

या गृहस्थांना चोवीस तास मेटोक्लोप्रामाइड दिल्यावर रेसिड्यूअल ५२० वरून ४१० झालं. शी झाली, पोट उतरलं. फीड २० वर नेलं तर पुन्हा ४८० आणि थोडी उलटी. इथे सरळ नियमाने एरिथ्रोमायसिन जोडायला हवं होतं. पण न्यूमोनियासाठी त्यांना आदल्या दिवसापर्यंत ॲझिथ्रोमायसिन चालू होतं. तेही मॅक्रोलाइड, तेही मोटिलिनच्या जागेवर काही प्रमाणात काम करणारं आणि शरीरात कित्येक दिवस रेंगाळणारं. ईसीजी काढला तर क्यूटीसी ४७८. त्यावर एरिथ्रोमायसिन घालणं मला पटलं नाही. शिवाय ते यकृतात मिडाझोलामचं विघटन अडवतं, आणि त्यांना प्रोपोफॉल कमी करून मिडाझोलाम सुरू केलेलं होतं. एरिथ्रोमायसिन सुरू केल्यावर रुग्ण उठत नाही म्हणून सीटी स्कॅनला धावपळ होते, ती अनेकदा यामुळे. म्हणून पाचव्या दिवशी, नॉरॲड ०.०५ वर असताना, एनजेचा निर्णय घेतला.

एनजेची वेळ आली हे मी असं ठरवते: कारणं दुरुस्त केली, प्रोकायनेटिक एक-दोन दिवस पूर्ण डोसमध्ये दिलं किंवा देता येत नाही हे पक्कं झालं, तरी ट्रॉफिकच्या वर जाता येत नाही, आणि पोट मऊ आहे. पहिल्याच दिवशी सरसकट एनजे टाकून काही मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या २०१२ च्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या, रेसिड्यूअल थोडं वाढलेल्या रुग्णांना लवकर नासोजेजुनल नळी घातली. त्यांना जास्त कॅलरी मिळाल्या नाहीत आणि न्यूमोनियाही कमी झाला नाही. त्यामुळे ज्याचं जठर खरोखर ऐकत नाही त्याच्यासाठीच ती ठेवा.

नळी घालण्यासाठी बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला हलवायचं का, एंडोस्कोपीवाले कधी येतील, यात एकेक दिवस जातो. एआरडीएसच्या रुग्णाला हलवणं हाच मोठा धोका असतो, म्हणून खाटेवरची पद्धत शिकून घ्या. ती अशी. १० फ्रेंचची, सुमारे १२० ते १४० सेंटिमीटर लांबीची, टोकाला वजन असलेली आणि आत तार असलेली नळी. आधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याचं प्रमाण पाहा. कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर असेल तर नाकातून नाही, तोंडातून. अर्धा तास आधी मेटोक्लोप्रामाइडचा एक डोस. जुन्या आरटीतून जठर रिकामं करा. नळी नाकातून ५५ ते ६० सेंटिमीटरवर न्या आणि इथे थांबून ती जठरातच आहे याची खात्री करा, शक्यतो एक्स-रेने. तारेची नळी फुफ्फुसात शिरू शकते, श्वासनलिकेतला फुगा तिला अडवत नाही, आणि जोर लावला तर न्यूमोथोरॅक्स होतो. हवा ढकलून पोटावर स्टेथोस्कोपने गुडगुड ऐकणं हा पुरावा नाही.

मग रुग्णाला उजव्या कुशीवर वळवा. नळीतून हळूहळू हवा सोडा, प्रौढाला जास्तीत जास्त ५०० मिली, म्हणजे जठर थोडं ताणून पायलोरस समोर येतो. नळी बोटांत सतत फिरवत, दर वेळी दोन-तीन सेंटिमीटर पुढे. हाताला मऊ, एकसारखा विरोध लागतो आणि मग थोडा सैल होतो. उसळी मारून नळी मागे येत असेल तर ती जठरात वळली आहे, मागे घेऊन पुन्हा करा. ७५ ते ८० च्या पुढे गेल्यावर एक साधी परीक्षा: ६० मिली हवा घाला आणि ओढा. २० मिलीहून कमी परत आली तर नळी बहुधा पायलोरसपलीकडे आहे, बरीचशी परत आली तर जठरात. ९५ ते १०० वर नेऊन थांबा आणि पोटाचा एक्स-रे काढा. नळी डावीकडून उजवीकडे मणका ओलांडून खाली वळते आणि परत डावीकडे येते. हा सी आकार पूर्ण दिसला तर टोक ड्युओडेनमच्या शेवटच्या भागात किंवा त्यापलीकडे आहे. फिल्म बघेपर्यंत तार आत ठेवा. मात्र एकदा बाहेर काढलेली तार नळी आत असताना पुन्हा घालू नका, ती बाजूच्या छिद्रातून बाहेर पडून आतडं फाडू शकते.

या गृहस्थांची नळी आधी जठरातच वळली, फिल्मवर वेटोळं दिसलं. मागे घेऊन पुन्हा केल्यावर टोक ड्युओडेनमच्या चौथ्या भागात पोचलं. तासाभराच्या आत जमत नसेल तर रेटत बसू नका, तेव्हा एंडोस्कोपीची मदत घ्या.

फीड २० मिलीने सुरू केलं, सावकाश वाढवत. जुनी आरटी जठरात तशीच उघडी ठेवली. हे विसरलं जातं: एनजेने फीड पुढे जातं, पण जठर रिकामं होत नाही. पहिल्या दिवशी आरटीतून ६०० मिली हिरवं पाणी निघालं. ते निघालं नसतं तर उलटीतूनच आलं असतं. त्या पाण्याचा रंगही पाहत राहा. दुधाळ फीड आरटीतून येऊ लागलं तर एनजेचं टोक मागे सरकून जठरात आलं आहे, फीड थांबवून फिल्म काढा. एनजेचं रेसिड्यूअल मोजू नका. जेजुनम साठवण करत नाही, त्या आकड्याला अर्थ नाही. इथे पोटाचा घेर, वेदना, जुलाब आणि लॅक्टेट पाहायचं.

जेजुनममध्ये बोलस नाही, फक्त पंपाने सतत. इथे जठरातल्या आम्लाची चाळणी नसते, म्हणून किचनमधून मिक्सरमध्ये वाटून आलेलं फीड मी एनजेतून देत नाही. ते जंतूंच्या दृष्टीनेही भरवशाचं नसतं आणि १० फ्रेंचची नळी त्याने दोन दिवसांत बुजते. या गृहस्थांच्या मुलीने तिसऱ्या दिवसापासून विचारलं होतं, ‘डॉक्टर, बाबांना उकड्या तांदळाची पेज नळीतून द्या ना, त्यांना तीच सोसते.’ तिला मी बसवून सांगितलं की बाबांच्या पोटात आता जात आहे ते पातळ, निर्जंतुक अन्न आहे, आणि पेजेचे कण या बारीक नळीत अडकले तर नळी काढून सगळं पहिल्यापासून करावं लागेल. नातेवाईकांना हे कारण दिलं तर ते समजून घेतात. नुसतं ‘चालणार नाही’ म्हटलं तर डब्यात पेज येतच राहते.

गोळ्या कुटून एनजेतून देऊ नका, त्या आरटीतून द्या किंवा शिरेतून. आरटीतून औषध दिलं तर तासभर ती बंद ठेवा, नाहीतर औषध पिशवीत येतं. एनजे दर चार तासांनी २० ते ३० मिली पाण्याने धुवायची, आणि पाणी मोजून द्रवाच्या हिशेबात धरायचं.

आता जे घडलं त्याची तयारी ठेवा. एनजे चालू झाल्यावर, व्हेंटिलेटरच्या सातव्या दिवशी, फीड ३० ला होतं आणि फॉस्फेट ३.२ वरून १.७ वर घसरलं. जवळपास आठवडाभर पूर्ण पोषण न मिळालेल्या शरीराला अन्न लागू झालं की इन्सुलिन वाढतं आणि फॉस्फेट पेशींत ओढलं जातं. फॉस्फेट पडलं की डायफ्रॅम दुबळा होतो, म्हणजे व्हेंटिलेटर काढण्याच्या वेळीच श्वास कमी पडतो. एनजेमुळे फीड एकदम आत जाऊ लागतं, म्हणून हा धोका इथे अधिक. फॉस्फेट २ च्या खाली गेलं तर ४८ तास फीड वाढवायचं नाही. आम्ही ते ३० वरच ठेवलं, शिरेतून फॉस्फेट आणि थायमिन दिलं, दिवसातून दोनदा फॉस्फेट तपासलं. नवव्या दिवशी पुन्हा वाढवायला सुरुवात केली आणि दहाव्या दिवशी ६० मिली, म्हणजे दिवसाला १४४० कॅलरी, किलोमागे २४.

एनजे कायम ठेवायची नसते. आरटीतून दिवसभरात २०० मिलीहून कमी येऊ लागलं, नॉरॲड बंद झालं, फेंटानिल उतरलं, साखर आटोक्यात आली, की जठराला पुन्हा विचारायचं. मी आरटी चार तास बंद ठेवून पाहते. उलटी नाही, पोट फुगलं नाही, तर आरटीतून तासाला २० मिली सुरू करते आणि तेवढंच एनजेतून कमी करते. दोन दिवसांत बाजू पूर्ण बदलते. या गृहस्थांचं हे बाराव्या दिवशी जमलं. एनजे मात्र मी आणखी एक दिवस पाण्याने धुवून तशीच ठेवली, कारण एक्सट्यूबेशनसाठी फीड थांबवून परत सुरू करताना जठर पुन्हा अडतं का, हे आधी पाहायचं होतं. अडलं नाही, मग काढली.